छोट्या गोडाऊनचा विमा आणि आग, चोरी, सप्लायर बुडणं यांची आधीच करून ठेवायची तयारी

भिवंडीत काल्हेर साइडला आमचा २२०० स्क्वेअर फुटाचा गाळा आहे, भाड्याचा, इलेक्ट्रिकचा माल, म्हणजे पीव्हीसी वायरची कॉइल, स्विच-सॉकेट आणि सीलिंग फॅन. नवीन गाळा घेणारे बरेच जण विचारतात की विमा कुठला घेऊ, आणि मी प्रत्येकाला आधी उलटा प्रश्न विचारतो की तुमच्या गाळ्यात मार्च महिन्यात किती रुपयांचा माल असतो. बहुतेकांना तो आकडा माहीत नसतो, एजंटने "किती लिहू?" म्हटलं की तोंडाला येईल तो सांगतात, आणि पैसे जातात ते तिथेच, पॉलिसी कुठल्या कंपनीची घेतली त्याने फारसा फरक पडत नाही. म्हणून सुरुवात आकड्यापासून करू.

पहिलं काम: मालाचा खरा आकडा काढा

टॅली किंवा जे काही वापरता त्यातून गेल्या १२ महिन्यांचा प्रत्येक महिनाअखेरचा स्टॉक काढा, खरेदी किमतीने. विक्री किमतीने नाही, कारण ट्रेडरच्या मालाचा क्लेम खरेदी किमतीवर ठरतो, त्यातला तुमचा नफा फायर पॉलिसीत नसतो. आमचे आकडे साधारण असे: पावसाळ्यात ५० लाखांच्या आसपास, आणि फॅनचा सीझन म्हणून फेब्रुवारीपासून माल भरतो तो मार्चमध्ये ९० लाखांवर जातो. वर्षाची सरासरी ६० लाख. पहिली दोन वर्षं मी सरासरीचाच विमा घेतला होता, सरासरी म्हणजे योग्यच असणार असं वाटलं, आणि कुणी टोकलंही नाही.

आता ही चूक केवढ्याला पडते ते बघा. समजा मार्चमध्ये आग लागली, गाळ्यात ९० लाखांचा माल, त्यातला ३० लाखांचा जळाला, आणि पॉलिसी ६० लाखांची. आपल्याला वाटतं नुकसान ३० आणि विमा ६०, म्हणजे पूर्ण मिळणार. मिळतात २० लाख. कारण कंपनी म्हणते ९० चा माल असताना तुम्ही ६० चाच विमा काढला, म्हणजे एक तृतीयांश धोका तुम्ही स्वतःवर घेतला होता, मग नुकसानीतलाही एक तृतीयांश तुमचा. ६० भागिले ९०, गुणिले ३०. याला अंडरइन्शुरन्स म्हणतात, आणि बघितलं जातं ते आगीच्या दिवशीच्या मालाकडे, सरासरीकडे नाही.

१ एप्रिल २०२१ पासून छोट्या धंद्यांसाठी विमा नियामक आयआरडीएआयने ठरवून दिलेली 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची फायर पॉलिसी सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्या विकतात, एका ठिकाणची बिल्डिंग, फर्निचर, माल सगळं मिळून ५ कोटींपर्यंत असेल तर हीच (त्याच्यावर ५० कोटींपर्यंत 'भारत लघु उद्यम सुरक्षा'). यात एक चांगली सोय आहे, १५ टक्क्यांपर्यंत विमा कमी पडला तर कापत नाहीत. पण १५ च्या वर गेलात की सूट पूर्ण गेली, वरच्या तेवढ्याच टक्क्यांचं कापतील असं नाही, सगळं प्रमाण लागतं. हे खूप जणांना उलटं माहीत असतं.

त्याच आकड्यात आणखी एक गोष्ट, आणि ही मला सीएने सांगितली, एजंटने नाही. जीएसटी. आपण माल घेताना १८ टक्के जीएसटी भरतो आणि त्याचं क्रेडिट घेतो, म्हणून पुस्तकात माल जीएसटी सोडून दिसतो. पण माल जळाला, चोरीला गेला किंवा नष्ट झाला तर सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे ते क्रेडिट परत करावं लागतं. म्हणजे ३० लाखांचा माल जळाला की वर ५ लाख ४० हजार सरकारला परत, खिशातून. आमच्या सासऱ्यांच्या दुकानात पाणी शिरलं तेव्हा नेमकं हेच झालं होतं, क्लेम व्यवस्थित पास झाला आणि जीएसटीचा फटका राहून गेला. म्हणून सम इन्शुअर्ड, म्हणजे विम्याची रक्कम, जीएसटी धरून ठरवा, प्रपोजल फॉर्ममध्ये आणि मेलवर स्पष्ट लिहा की मालाची रक्कम जीएसटीसह आहे आणि क्रेडिट परत करावं लागलं तर ते क्लेममध्ये धरावं, आणि कंपनीचं मेलवर उत्तर येईपर्यंत पैसे भरू नका. क्लेमच्या वेळी नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरला ते क्रेडिट खरंच उलटवल्याचा रिटर्नमधला पुरावा लागतो.

आमचं गणित मग असं झालं: ९० लाख अधिक १६ लाख २० हजार जीएसटी, म्हणजे १ कोटी ६ लाख २० हजार. मी १ कोटी १० लाखांचा विमा घेतो, वर्षभर तेवढाच. कुणी म्हणेल ८ महिने उगाच जास्तीचा प्रीमियम, तर दुसरा मार्ग आहे, फेब्रुवारीत एन्डॉर्समेंट, म्हणजे चालू पॉलिसीत लेखी बदल, करून रक्कम वाढवायची आणि तेवढ्याच महिन्यांचा फरक भरायचा. पण फेब्रुवारीत आपण माल उतरवण्यात इतके अडकलेले असतो की हे राहून जातं, माझं स्वतःचं एकदा राहिलंय, म्हणून मी तो नाद सोडला.

दुसरं काम: पत्ता आणि माल नीट लिहिला आहे का

हे पटकन उरकण्यासारखं आहे पण उरकू नका. भिवंडीत एकाच कंपाउंडमध्ये ए-३ आणि ए-१३ असतात. पॉलिसीवर बिल्डिंग नंबर, गाळा नंबर, कंपाउंडचं नाव, गावाचं नाव, पिनकोड सगळं भाडेकराराशी जुळवून घ्या. जास्तीचा माल शेजारच्या गाळ्यात "दोन महिन्यांपुरता" ठेवता ना, त्या गाळ्याचा पत्ता पॉलिसीत नसेल तर तिथला माल विम्याबाहेर. दोन-तीन जागी माल फिरत असेल तर फ्लोटर मागा, एकच रक्कम सगळ्या पत्त्यांवर चालते.

दुकान नाही, गोडाऊन आहे हे लिहा. त्यात काय काय ठेवता ते पण खरं लिहा, थिनरचे चार डबे असतील तर तेही, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच कारण होतं. दुसऱ्याचा माल सांभाळत असाल, म्हणजे कुणा कंपनीचा डेपो स्टॉक किंवा रिपेअरला आलेले फॅन, तर तो आपला म्हणून धरला जात नाही, तो वेगळा लिहून घ्यावा लागतो.

भाडेकरू असाल तर भिंती आणि पत्रा मालकाचा, त्याचा विमा त्याने काढायचा, तुम्ही माल, रॅक, वायरिंग, फर्निचरचा. पण करारात "भाडेकरूच्या चुकीने जागेचं नुकसान झालं तर भाडेकरू भरून देईल" असं वाक्य आहे का ते बघा, बहुतेक करारांत असतं. मालकाच्या कंपनीने त्याला पैसे दिले तरी ती कंपनी नंतर तुमच्या मागे येऊ शकते. मालकाशी बोलून त्याच्या पॉलिसीत भाडेकरूवर दावा न करण्याचं कलम घालून घेता आलं तर उत्तम.

कॅश क्रेडिट असेल तर पॉलिसीवर बँकेचं नाव येतं, आणि क्लेमचा पैसा आधी बँकेकडे जातो. याचा त्रास पुढे सांगतो.

तिसरं काम: आग

फायर पॉलिसीत आगीशिवाय वीज पडणं, पूर, वादळ, भूकंप, दंगल वगैरे येतं, फायर ब्रिगेडच्या पाण्याने भिजलेला मालही आगीच्या नुकसानीतच धरतात. माल स्वतःहून तापून, आंबून पेटला तर जुन्या फायर पॉलिसीत त्याच मालाचे पैसे मिळत नव्हते, सूक्ष्म उद्यम पॉलिसीत ती आगही धरलेली आहे, तरी धान्य-मसाला-कापूस ठेवणाऱ्यांनी आपल्या पॉलिसीत हे वाचून घ्या.

पण मला सांगायचंय ते धुराबद्दल. तीन वर्षांपूर्वी आमच्यापासून दोन गाळे सोडून आग लागली, प्लॅस्टिकचा माल होता. आमच्या गाळ्यात ज्वाळा आलीच नाही, शटर उघडलं तर सगळं जागच्या जागी, फक्त बॉक्सवर काळी पावडर. बोटाने पुसली तर चिकट. आम्ही म्हटलं वाचलो, कपड्याने पुसून माल विकायला काढला. तीन आठवड्यांनी एका डीलरचा फोन आला की स्विचच्या पितळी टर्मिनलवर हिरवं चढलंय. उघडून बघितलं तर खरंच, बंद बॉक्समधल्या मालावर सुद्धा. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो हवेतल्या ओलाव्यात मिसळून आम्ल होतो आणि तांबं-पितळ खात बसतो. तोपर्यंत आम्ही कंपनीला कळवलंच नव्हतं, त्यामुळे माल आगीच्या धुराने गेला हे सिद्ध करायला घाम फुटला, अर्ध्या मालाचेच पैसे मिळाले. त्यामुळे शेजारी आग लागली तरी त्याच दिवशी विमा कंपनीला मेल करा, धूर आला एवढं लिहिलं तरी पुरे, आणि सर्व्हेअर येईपर्यंत माल पुसू नका, हलवू नका, विकू तर नकाच.

आग लागूच नये म्हणून आम्ही जे करतो त्यातलं खरं उपयोगी तेवढंच सांगतो. रात्री जाताना मेन स्विच बंद, फक्त कॅमेऱ्याची वेगळी लाइन चालू, आणि मेन स्विच शटरच्या आत लगेच हाताला लागेल असा, मागच्या भिंतीवर नाही. डीबी, म्हणजे एमसीबीच्या बोर्डासमोर एक मीटर जागा मोकळी, तिथे पिवळा पट्टा मारलाय आणि त्यावर बॉक्स दिसला की मी ओरडतो. ट्यूबलाइटपासून थप्पी दोन फूट खाली. माल पॅलेटवर, जमिनीपासून निदान सहा इंच वर, पाण्यासाठी. इलेक्ट्रिक स्कूटर गाळ्यात चार्ज करायला पूर्ण बंदी. आणि ६ किलोचे एबीसी पावडर सिलिंडर दाराजवळ, कोपऱ्यात मालामागे नाहीत. काटा हिरव्यात आहे का ते दर महिन्याच्या १ तारखेला बघून कार्डावर सही. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली बिल्डिंगमधली फायर सिस्टिम चालू असल्याचं लायसन्सधारक एजन्सीचं फॉर्म बी सर्टिफिकेट जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं, ते मालक देतो की नाही विचारा आणि कॉपी घेऊन ठेवा, क्लेमच्या वेळी मागू शकतात.

चौथं काम: चोरी, आणि "चोरी" या शब्दाचा अर्थ

फायर पॉलिसीत चोरी येते का, तर आग-पूर वगैरे झाल्यावर त्याच्यामुळे ७ दिवसांच्या आत झालेली चोरी तेवढीच येते. एरवीच्या चोरीसाठी बर्गलरी पॉलिसी वेगळी.

आणि त्या पॉलिसीत बर्गलरी म्हणजे फोडून, जोर लावून आत शिरणं. शटर वाकवलं, कुलूप तोडलं, पत्रा कापला, भिंत फोडली. सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये एका गोडाऊनच्याच केसमध्ये सांगितलंय की बळजबरीने आत शिरल्याची खूण नसेल तर बर्गलरी पॉलिसीत पैसे मिळणार नाहीत, नुसती चोरी झाली एवढं पुरत नाही. म्हणजे डुप्लिकेट चावीने कुलूप उघडून माल नेला तर अवघड. दुपारी लोडिंग चालू असताना चार कॉइल उचलल्या तर नाही. कामगाराने नेला तर नाही, त्यासाठी फिडेलिटी गॅरंटी नावाची तिसरी पॉलिसी असते, आणि तिच्यातही एजन्सीचा वॉचमन "कर्मचारी" धरलाय का ते विचारा, कारण तो तुमच्या पगारावर नसतो. स्टॉक मोजताना कमी भरला, कधी गेला माहीत नाही, तर कुठल्याच पॉलिसीत नाही.

या शेवटच्या गोष्टीमुळे आम्ही दर शनिवारी दहाच आयटम मोजतो, सगळ्यात महाग आणि सगळ्यात पटकन विकले जाणारे, म्हणजे वायरच्या कॉइल आणि चार मॉडेल फॅन. पंचवीस मिनिटं लागतात. कमी आलं तर निदान कुठल्या आठवड्यात गेलं ते कळतं, आणि त्या आठवड्याचं कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघता येतं. कॅमेऱ्याचा डीव्हीआर गाळ्यातच टेबलावर ठेवू नका, चोर तोच आधी नेतात, रेकॉर्डिंग घरी किंवा क्लाउडवर जाईल असं करा.

रक्कम किती? अख्खा १ कोटी ६ लाखांचा माल एका रात्रीत कुणी नेऊ शकत नाही. म्हणून फर्स्ट लॉस पद्धतीने घेता येतं: पूर्ण मालाची किंमत सांगायची, पण कव्हर त्यातल्या ठरावीक टक्क्याचं, समजा २५ टक्के, म्हणजे साधारण २६ लाख ५० हजार. प्रीमियम कमी होतो. टक्का ठरवताना मी असा विचार केला की चोर एक टेम्पो लावणार, त्यात वायरच भरणार कारण तांबं लगेच विकलं जातं, आणि भरलेल्या टेम्पोतल्या वायरची किंमत काढली. फॅन जड आणि मोठे, त्याच्या मागे कुणी लागत नाही. पण पूर्ण किंमत सांगताना कमी सांगू नका, कमी सांगितली तर इथेही प्रमाण लागतं.

चोरी झालीच तर शटरला हात लावायच्या आधी वाकलेल्या जागेचे फोटो, मग पोलीस, मग त्याच दिवशी विमा कंपनीला कळवणं. एफआयआरमध्ये शटर उचकटून आत शिरल्याचा उल्लेख आणि घरफोडीचं कलम आलंय ना ते तिथेच वाचा, नुसतं "माल चोरीस गेला" लिहिलं असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. नंतर माल सापडला नाही की पोलीस कोर्टात ए समरी पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही. कंपन्या तो कागद मागतात आणि त्याला महिने लागतात, म्हणून त्याचा पाठपुरावा पहिल्या महिन्यापासून करा.

पाचवं काम: सप्लायर, ज्याचा विमा मिळत नाही

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे म्हणून थोडं थांबून सांगतो.

धंदा बंद पडल्याच्या नुकसानीची पॉलिसी असते, फायर लॉस ऑफ प्रॉफिट, लोक फ्लॉप पॉलिसी म्हणतात. आगीनंतर विक्री थांबली तर त्या काळातला ग्रॉस प्रॉफिट, म्हणजे पगार-भाडं-व्याज आणि नफा, ती देते. आमची विक्री वर्षाला ४ कोटी २० लाख, खरेदी ३ कोटी ६० लाख, म्हणजे ६० लाख ग्रॉस प्रॉफिट, तो आकडा पॉलिसीत वर्षाचा म्हणून सांगायचा आणि किती महिने लागतील ते वेगळं निवडायचं. आम्ही ६ महिने घेतले, कारण नवीन गाळा मिळायला एक महिना, रॅक आणि माल भरायला दीड-दोन, आणि दुसरीकडे गेलेले डीलर परत यायला बाकीचे. पहिले ७ दिवस साधारणपणे धरत नाहीत. आणि मूळ फायर क्लेम मान्य झाला तरच ही पॉलिसी चालते.

हिच्यात सप्लायरच्या जागेचं एक्स्टेन्शन मिळतं, सप्लायरच्या फॅक्टरीला आग लागली आणि त्यामुळे तुमची विक्री थांबली तर. लोक हे ऐकून समजतात की सप्लायर बुडाला तरी पैसे मिळतील. नाही मिळत. त्याच्या जागेवर पॉलिसीत लिहिलेल्या धोक्याने प्रत्यक्ष तोडमोड व्हायला हवी. त्याचं दिवाळं निघालं, भागीदारांत भांडण झालं, बँकेने सील केलं, त्याने माल दुसऱ्याला जास्त भावात दिला, यातलं काहीच नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये काही दुकानदारांनी हीच पॉलिसी काढून दाखवली होती, पण जळलं-पडलं काहीच नव्हतं म्हणून उपयोग झाला नाही. ट्रेड क्रेडिट इन्शुरन्स म्हणतात तो गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर, सप्लायरला दिलेला ॲडव्हान्स त्यात येत नाही.

आमचा फॅनवाला सप्लायर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बंद पडला, बँकेने फॅक्टरीला टाळं लावलं. ६ लाख ॲडव्हान्स गेला. सीझनची ऑर्डर गेली. त्या सीझनला जो माल मिळेल तो मिळेल त्या भावाने उचलला, आणि दोन मोठे डीलर अजून परत आलेले नाहीत. मागे वळून बघितलं तर खुणा चार महिन्यांपासून होत्या. ऑर्डर तुकड्यातुकड्यात यायची. क्रेडिट नोट "पुढच्या आठवड्यात" चालू होतं. ॲडव्हान्स वेगळ्या खात्यात टाका म्हणाले. आणि सगळ्यात स्पष्ट खूण, जी मी बघितलीच नाही: महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर सप्लायरनी भरलेल्या बिलांची यादी, जीएसटीआर-२बी, येते त्यात त्याची बिलं दिसत नव्हती, म्हणजे तो रिटर्नच भरत नव्हता. आता दर महिन्याला २बी आला की पाच मोठ्या सप्लायरची बिलं मी स्वतः टिक करतो. लागोपाठ दोन महिने नाही आली तर ॲडव्हान्स बंद.

मग विम्याऐवजी काय करायचं, तर स्टॉक आणि दुसरा सप्लायर. फॅनचं आमचं गणित देतो, तुमच्या मालाचं तसंच काढा. दिवसाला सरासरी २५ फॅन जातात. नेहमीच्या सप्लायरचा माल १० दिवसांत येतो म्हणून आधी २५० फॅन राहिले की ऑर्डर टाकायचो. पण तो बंद पडला तर नवीन माणसाकडून पहिला ट्रक यायला किती दिवस, हे त्या वेळी मोजलं तर २४: चार दिवस शोधाशोध आणि रेट, पाच दिवस सॅम्पल आणि डीलरला दाखवणं, पंधरा दिवस माल. म्हणजे २५ गुणिले २४, माल ६०० फॅनच्या खाली गेला की धोका. जास्तीचे ३५० फॅन, १४०० रुपयांनी ४ लाख ९० हजार अडकतात, १२ टक्के व्याजाने वर्षाला ५८,८०० रुपये. माझ्या मते ती रक्कम म्हणजे सप्लायरच्या विम्याचा प्रीमियमच, फक्त तो कंपनीला न देता स्वतःला द्यायचा. आणि हो, माल वाढला म्हणजे वरचा सम इन्शुअर्डचा आकडा पण बदलला. तो वाढीव माल मार्चच्या ९० लाखांत आहे की वर, ते तपासून परत जीएसटी धरा.

जे दिवस कमी करता येतील ते आधीच करून ठेवा. दुसऱ्या सप्लायरला आजच २० टक्के ऑर्डर द्या, दोन रुपये महाग पडला तरी, म्हणजे त्याचं सॅम्पल डीलरने पाहिलेलं असतं आणि तुमचं खातं त्याच्याकडे चालू असतं. आमचे २४ दिवस असे १३ वर आले. इलेक्ट्रिकवाल्यांनी घाईत कुणाचाही माल उचलू नका, सीलिंग फॅन आणि पीव्हीसी वायरला आयएसआय मार्क सक्तीचा आहे, बॉक्सवरचा लायसन्स नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा, खोटे नंबर सर्रास असतात. आणि ॲडव्हान्सची मर्यादा ठरवा. आम्ही आता एका ट्रकच्या किमतीच्या वर कुणाला ॲडव्हान्स देत नाही, कितीही जुनी ओळख असो.

सहावं काम: गाळा नसताना धंदा कसा चालेल ते लिहून ठेवा

एक पान पुरे. पण ते पान गाळ्यात नको, दोन जणांच्या मोबाइलमध्ये आणि घरी छापून. त्यात पॉलिसी नंबर, कंपनीचा क्लेमचा मेल आणि टोल फ्री नंबर, फायरचा १०१, पोलीस चौकी, मालक, बँक मॅनेजर, सीए, आणि ज्याच्याकडे पंधरा दिवसांसाठी ५०० स्क्वेअर फूट जागा मिळेल अशा एका माणसाचं नाव. आमची अशी अदलाबदलीची बोलणी अंजूर फाट्याच्या एका टाइल्सवाल्याशी आहे, त्याचं काही झालं तर आम्ही देणार.

टॅलीचा बॅकअप रोज रात्री क्लाउडवर. कागद जळाले तरी खरेदी सिद्ध करता येते, जीएसटी पोर्टलवर २बी आणि ई-वे बिल असतात, पण गाळ्यात काल संध्याकाळी नक्की काय शिल्लक होतं हे फक्त तुमचं स्टॉक रजिस्टरच सांगतं. आणि बँकेला दर महिन्याला देता ते स्टॉक स्टेटमेंट पुस्तकाशी जुळलं पाहिजे. लिमिट जास्त मिळावी म्हणून स्टेटमेंटमध्ये माल फुगवायची सवय ज्यांना आहे त्यांनी आजच बंद करा, कारण सर्व्हेअर दोन्ही आकडे समोरासमोर ठेवतो.

पैशाचं गणित आधीच करा. आग लागली की माल गेला, माल गेला की मालाच्या किमतीवर ठरणारं बँकेचं ड्रॉइंग पॉवर खाली, म्हणजे नेमकं पैसे लागतात तेव्हा कॅश क्रेडिटमधून उचलता येत नाही, आणि क्लेमचा चेकही बँकेच्या नावाने. आमचा पगार, भाडं, व्याज मिळून महिन्याचा खर्च अडीच लाख, तर दोन महिन्यांचे ५ लाख वेगळ्या बँकेत एफडीत, ज्या बँकेचं कर्ज नाही तिथे. सर्व्हेअरने नुकसानीचा अंदाज दिला की कंपनीकडे लेखी ऑन अकाउंट पेमेंट मागा, म्हणजे पूर्ण हिशोब होईपर्यंत एक भाग आधी. न मागता सहसा कुणी देत नाही.

हे सगळं झालं की एका रविवारी संध्याकाळी घरी बसून चाचणी घ्या: गाळ्याला कुलूप आहे, चावी नाही, आत जाता येत नाही असं धरा, आणि मोबाइलवरून कालचा आयटमवार स्टॉक, पॉलिसीची कॉपी आणि उद्या ज्यांना माल द्यायचाय त्या डीलरची यादी काढून दाखवा. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा स्टॉक निघाला, पॉलिसी निघाली, पण डीलरची यादी गाळ्याच्या भिंतीवरच्या वहीत होती. सोमवारी सकाळी पहिलं काम पुतण्याने केलं ते त्या वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचं.